माशी चमकते ती नेमकी कुठे? क्लोजअप फोटोवरून माश्या ओळखताना

जवळून काढलेल्या फोटोतली माशी ओळखायची म्हटली की नजर आधी रंगावर जाते. हिरवी दिसली की ब्लोफ्लाय, राखाडी दिसली की घरमाशी, डोळे लाल दिसले की फळमाशी. पण माशीच्या फोटोत रंगाइतकं बेभरवशाचं दुसरं काही नाही. फ्लॅशच्या एका झोतात राखाडी माशी निळसर दिसायला लागते आणि ढगाळ उजेडात चकचकीत हिरवी माशी पार काळपट पडते. त्यापेक्षा एक प्रश्न विचारावा: चमक अंगाच्या कोणत्या भागावर आहे?

एवढ्यानेच बरंच काम होतं. घरमाशीच्या अंगावर धातूसारखी चमक कुठेच नसते. तिच्या पाठीवर राखेसारखी बारीक भुकटी असते आणि ती उजेड पसरवून टाकते. ब्लोफ्लाय, म्हणजे कचऱ्यावर, सडक्या मांसावर घोंघावणाऱ्या हिरव्या-निळ्या माश्या, यांची चमक छातीवर आणि पोटावर असते. गोमाशीचं अंग बहुधा तपकिरी, करडं नाहीतर काळं, अगदी साधं. तिची सगळी झळाळी डोळ्यांत असते. पिकल्या फळांभोवती घिरट्या घालणाऱ्या इवल्याशा फळमाशीच्या फोटोत कधी कधी पंखांवर इंद्रधनुष्य दिसतं, पण ती अंगाची चमक नव्हे. आणि वाळूमाशी, म्हणजे सॅण्डफ्लाय, चमकत नाहीच. तिच्या अंगावर आणि पंखांवर केसच केस असतात.

पुढे जाण्याआधी नावांचा एक घोळ मिटवून टाकू. फळमाशी हे नाव दोन अगदी वेगळ्या माश्यांना चिकटलं आहे. एक ड्रोसोफिला, दोन ते तीन मिलिमीटरची, पिवळट तपकिरी, जिला बरेच जण चिलट म्हणून मोकळे होतात. दुसरी शेतकऱ्यांची फळमाशी, बॅक्ट्रोसेरा, जी फळाच्या सालीत अंडी घालते. ती घरमाशीएवढी असते आणि पहिल्या नजरेला गांधीलमाशीची धाकटी बहीण वाटते. फोटोखाली नुसतं ‘फळमाशी’ लिहिलं तर यातली कोणती ते कळत नाही, म्हणून इथे दोघींना त्यांच्याच नावांनी हाक मारतो.

आधी माप, मग मिशा

क्लोजअपमध्ये सगळ्याच माश्या हत्तीएवढ्या दिसतात, आणि अर्ध्याअधिक चुका इथूनच सुरू होतात. फोटो मॅक्रो लेन्सने १:१ मोठेपणावर, म्हणजे सेन्सरवर माशी तिच्या खऱ्या मापाचीच उमटेल असा, काढला असेल तर माप काढणं सोपं आहे. समजा सेन्सर २४ मिलिमीटर रुंद आहे आणि फोटो ६००० पिक्सेल रुंद. म्हणजे एका मिलिमीटरला २५० पिक्सेल. डोक्यापासून पोटाच्या टोकापर्यंत माशी १७५० पिक्सेल भरली तर ती ७ मिलिमीटरची. फोटो कापलेला असला तरी हिशेब बदलत नाही, फक्त तो लहान करून साठवलेला नसावा. मोबाइलच्या फोटोत हे जमत नाही. तिथे माशी ज्यावर बसली आहे त्या वस्तूचा अंदाज घ्यावा लागतो, म्हणून माशी उडून गेल्यावर त्याच जागी पट्टी धरून, तेवढ्याच अंतरावरून आणखी एक फोटो काढावा.

वाळूमाशी दीड ते साडेतीन मिलिमीटर, ड्रोसोफिला तिच्याच आसपास, घरमाशी सहा ते आठ, ब्लोफ्लाय बहुधा त्याहून थोडी मोठी आणि दांडगी. गोमाश्यांत मात्र सहा मिलिमीटरपासून पंचवीसच्या पुढे जाणाऱ्यांपर्यंत सगळं सापडतं, त्यामुळे ‘मोठी म्हणजे गोमाशी’ हा नियम एका बाजूनेच चालतो.

मापानंतर मिशा, म्हणजे शृंगिका, पाहाव्यात. वाळूमाशीच्या शृंगिका लांब, मण्यांच्या माळेसारख्या बऱ्याच तुकड्यांच्या असतात. इतर चौघींच्या आखूड. घरमाशी, ब्लोफ्लाय आणि ड्रोसोफिला यांच्या आखूड शृंगिकेवर एक केस उभा असतो आणि त्याला पिसासारखे बारीक फाटे फुटलेले दिसतात. गोमाशीच्या शृंगिकेवर असा केस नसतो. तिचं शेवटचं पेर पुढे निमुळतं होत जातं आणि त्यावर वळ्या दिसतात. टॅबॅनस गटातल्या गोमाशीच्या याच पेरावर दातासारखा एक उंचवटा असतो. फोटो समोरून काढलेला असेल तर हे एक चिन्ह गोमाशीचा निकाल लावायला पुरतं.

डोळे

डोळ्यांत तीन गोष्टी पाहायच्या: रंगाची जात, पट्टे आहेत का, आणि दोन डोळ्यांमधली जागा.

ड्रोसोफिलाच्या डोळ्यांचा विटकरी लाल रंग हा रंगद्रव्याचा असतो. तपकिरी आणि लाल अशी दोन प्रकारची द्रव्यं मिळून तो बनतो, त्यामुळे कुठूनही पाहा, लालच. घरमाशीचे डोळे तांबूस तपकिरी, तेही तसेच स्थिर. गोमाशीच्या डोळ्यांतले हिरवे, जांभळे, तांब्यासारखे पट्टे मात्र द्रव्याचे नसतात. डोळ्यातल्या प्रत्येक बारीक भिंगाच्या वरच्या थरांत पातळ पापुद्रे असतात, त्यांच्यावरून परतणाऱ्या किरणांची आपसांत बेरीज-वजाबाकी होते आणि रंग उमटतो. म्हणून कॅमेरा थोडा सरकवला की हिरवा पट्टा निळा होतो. माशी मेली आणि वाळली की पापुद्र्यांची जाडी बदलते आणि पट्टे विझतात. सुकलेल्या नमुन्याचा फोटो पाहून ‘डोळे तपकिरी आहेत, म्हणजे गोमाशी नाही’ असं ठरवणं म्हणूनच चुकीचं. वाळलेले डोळे ओलसर केले तर पट्टे बहुधा परत दिसतात.

गोमाश्यांतही डोळ्यांचे नमुने वेगळे असतात. टॅबॅनसच्या डोळ्यांवर आडवे पट्टे किंवा नुसता एकच रंग. हिमॅटोपोटाच्या डोळ्यांवर नागमोडी, तुटक रेघा, आणि तिचे पंखही ठिपक्या-ठिपक्यांचे, पोटावर छपरासारखे उतरते. क्रायसोप्सच्या सोनेरी-हिरव्या डोळ्यांवर जांभळे डाग आणि पंखावर गडद पट्टा.

पण डोळ्यांत झळाळी दिसली म्हणून लगेच गोमाशी म्हणू नये. फुलांवर बसणाऱ्या काही हॉव्हरफ्लायच्या डोळ्यांवरही पट्टे असतात, आणि एरिस्टालिनस गटातल्या एका माशीचे पट्टे तर इतके ठळक आहेत की तिला गोमाशी समजण्याची चूक नेहमी होते. तिचे पट्टे वरून खाली उभे असतात, टॅबॅनसचे आडवे. शंका राहिली तर शृंगिका पाहावी: हॉव्हरफ्लायच्या शृंगिकेवर केस असतो.

दोन डोळ्यांमधली जागा ही माशीचं कूळ सांगत नाही, नर-मादी सांगते. गोमाशीच्या नराचे डोळे डोक्यावर एकमेकांना चिकटलेले असतात, मादीच्या दोन डोळ्यांमध्ये मोकळी जागा स्पष्ट दिसते. घरमाशीच्या नराचे जवळजवळ येतात पण टेकत नाहीत. मादीचे बरेच दूर. क्रायसोमाया मेगासेफाला या ब्लोफ्लायच्या नराचे डोळे चिकटलेले, आणि त्यात आणखी एक गंमत: वरच्या अर्ध्यातली भिंगं मोठी, खालच्या अर्ध्यातली बारीक, आणि मध्ये रेघ मारल्यासारखी सीमा. समोरून काढलेल्या चांगल्या फोटोत ही सीमा दिसते. याच कारणाने एकाच जातीचे नर आणि मादी दोन वेगळ्या जाती म्हणून नोंदवले जातात. ड्रोसोफिला, बॅक्ट्रोसेरा आणि वाळूमाशी यांच्यात दोघांचेही डोळे लांबच असतात, तिथे या चिन्हाचा उपयोग नाही.

वाळूमाशीचे डोळे काळे आणि अंगाच्या मानाने मोठे. फिक्या, केसाळ अंगावर दोन काळे मणी बसवल्यासारखे दिसतात, आणि डोकं खाली वाकलेलं असल्यामुळे माशी कुबडी वाटते.

पंख

पंखाच्या शिरा खोटं बोलत नाहीत. फ्लॅशने त्यांचा मार्ग बदलत नाही, मेल्यावर त्या विझत नाहीत. त्या दिसण्यासाठी पंख कॅमेऱ्याच्या समोर सपाट यावा लागतो, एवढीच अट.

घरमाशीच्या पंखात बुडापासून टोकाकडे जाणारी एक शीर, अभ्यासकांच्या मोजणीत चौथी, कडेपाशी पोचण्याच्या थोडं आधी एकदम कोपरा करून वर वळते आणि तिसऱ्या शिरेच्या जवळ जाते. ब्लोफ्लायमध्येही असाच कोपरा असतो. म्हणून हा कोपरा घरमाशी आणि ब्लोफ्लाय यांच्यात भेद करत नाही, पण दोघींना बाकीच्यांपासून तोडतो. चावणारी तबेल्यातली माशी, स्टोमॉक्सिस, दिसायला घरमाशीची जुळी. तिच्यात हीच शीर कोपरा न करता हलकेच वाकते, आणि सोंड सुईसारखी पुढे आलेली असते.

ड्रोसोफिलात तिसरी आणि चौथी शीर जवळजवळ समांतर धावत सरळ कडेला जाऊन मिळतात. बॅक्ट्रोसेराच्या पंखाच्या पुढच्या कडेवर धुरकट तपकिरी पट्टी असते, छातीच्या दोन्ही बाजूंना पिवळ्या रेघा आणि पाठीच्या शेवटी पिवळी ढाल. गोमाशीच्या पंखात मधोमध एक षटकोनी खण असतो, आणि टोकाकडे एका शिरेचे दोन फाटे फुटून एक टोकाच्या वर, दुसरा टोकाच्या खाली जातो. पंखाचं टोक जणू बेचक्यात धरलेलं. हे बेचकं सापडलं की डोळे दिसले नाहीत तरी चालतं.

वाळूमाशीचा पंख भाल्याच्या पात्यासारखा निमुळता, शिरा लांबीच्या दिशेने जवळजवळ एकमेकींना धरून, आणि बाहेरच्या अर्ध्यात आडवी शीर नाही. बसलेली असताना ती पंख वर उचलून इंग्रजी ‘व्ही’सारखे धरते, आणि याच ठेवणीवरून ती दुरूनही ओळखू येते. न्हाणीघरात भिंतीवर दिसणारी केसाळ माशी तिची चुलतबहीण. तिचे पंख रुंद, पानासारखे, आणि बसताना छपरासारखे किंवा सपाट. डास पंख पाठीवर आडवे मिटतो आणि त्याला लांब सोंड असते. चिकट सापळ्यात अडकलेल्या वाळूमाशीच्या फोटोत मात्र ‘व्ही’ शोधू नये. पंख कसेही चिकटलेले असतात, तिथे पात्याचा आकार आणि लांब पायच उपयोगी पडतात. काही ठिकाणी सॅण्डफ्लाय हे नाव क्युलिकॉइडिस या बारीक चावऱ्या माशीलाही देतात. तिचे पंख बहुधा ठिपकेदार असतात आणि ती ते पाठीवर एकावर एक सपाट ठेवते.

आता त्या इंद्रधनुष्याचं. ड्रोसोफिलासारख्या लहान माशीचा पंख इतका पातळ असतो की साबणाच्या फुग्यावर दिसतात तसे रंग त्यावर उमटतात. पार्श्वभूमी गडद असेल तर ते दिसतात, पांढऱ्या कागदावर नाहीसे होतात. रंग पंखाच्या पापुद्र्यावर आहेत की खालच्या पोटावर हे पाहायचं असेल तर शिरेकडे बघावं: इंद्रधनुष्य शिरेपाशी तुटतं, पोटाची चमक शिरेखालून अखंड जाते.

एक फोटो, पायरीपायरीने

समजा असा फोटो समोर आहे. भिंतीवर बसलेली माशी, वरून आणि जरा डावीकडून टिपलेली. फ्लॅश कॅमेऱ्यावरच, उघडा. डोळे तांबूस, छातीवर काळे पट्टे, पोटावर निळसर झाक. ही ब्लोफ्लायमधली निळी माशी, कॅलिफोरा, की घरमाशी, की राखाडी मांसमाशी, सार्कोफॅगा?

लांबी १९०० पिक्सेल, म्हणजे २५०च्या हिशेबाने ७.६ मिलिमीटर. यात तिघीही बसतात, माप इथे काही सांगत नाही. शृंगिका आखूड, पिसासारखा केस आहे. वाळूमाशी आणि गोमाशी बाद. डाव्या पंखात चौथी शीर कोपरा करून वळलेली दिसते. ड्रोसोफिला, बॅक्ट्रोसेरा आणि स्टोमॉक्सिसही बाद.

आता पट्टे मोजू. घरमाशीच्या पाठीवर चार, सार्कोफॅगाच्या पाठीवर तीन, कॅलिफोराच्या धुरकट पाठीवर पुसट. पहिल्या मोजणीत इथे तीन भरतात. पण मधला पट्टा बाकीच्यांपेक्षा जाड आहे, आणि त्याच्यावरच फ्लॅशचा पांढरा ठिपका पडलेला आहे. मोजणी नेहमी डोक्याच्या लगेच मागे, छातीच्या पुढच्या भागात करावी, कारण चकाकीचा ठिपका बहुतेक वेळा पाठीच्या सर्वांत फुगीर जागी पडतो आणि तिथले दोन पट्टे एकात मिसळवून टाकतो. पुढच्या भागात पाहिलं तर मधला जाड पट्टा दोन पट्ट्यांत फुटतो. चार पट्टे.

राहिली निळी झाक. त्यासाठी माशी सोडून भिंत पाहावी. भिंतीचा सावलीतला भागही निळसर आहे, म्हणजे निळं माशीत नसून उजेडात आहे. खऱ्या धातूसारख्या चमकेत रंग गोलाईवर पसरतो आणि पोटाच्या वळणाबरोबर हळूहळू बदलतो, हिरव्यातून निळा किंवा तांब्यासारखा. सावलीच्या बाजूलाही तो पूर्ण मरत नाही. फ्लॅशची चकाकी पांढरी असते, कडा धारदार असतात, आणि तिचा आकार दिव्याचा असतो. चौकोनी डिफ्यूझर वापरला असेल तर माशीच्या पाठीवर चौकोनच दिसतो, आणि तसाच एक डोळ्यावरही. इथे पोटावरचा ठिपका पांढरा आहे आणि डोळ्यांवरही तसलाच आहे. शिवाय पोटाच्या बुडाला, बाजूने, पिवळट भाग दिसतो. तो कॅलिफोरात नसतो. सार्कोफॅगाच्या पोटावर बुद्धिबळाच्या पटासारखे चौकोन असतात, तेही इथे नाहीत.

शेवटची खात्री पंखाच्या बुडाखाली. छातीच्या बाजूला, मागच्या पायाच्या थोडं वर, ब्लोफ्लाय आणि सार्कोफॅगा यांना राठ केसांची एक उभी ओळ असते, कंगव्याच्या दातांसारखी. घरमाशीला ती नसते. आपला फोटो डावीकडून आहे म्हणून ही जागा दिसते, आणि तिथे ओळ नाही. घरमाशी. दोन डोळ्यांमधली जागा जवळपास एका डोळ्याएवढी रुंद आहे, म्हणजे मादी.

हाच फोटो सरळ वरून काढला असता तर केसांची ओळ दिसली नसती, आणि पट्टे फ्लॅशच्या चकाकीत पुसले गेले असते तर निळ्या झाकेवर भरवसा ठेवून चूक झाली असती.

फोटो काढताना

एकच फोटो काढून थांबू नये, तीन बाजू लागतात: सरळ वरून पट्ट्यांसाठी आणि पंखासाठी, बाजूने केसांसाठी, समोरून डोळे आणि शृंगिकांसाठी. १:१ मोठेपणावर एफ/११ ला जेमतेम एक मिलिमीटर जाडीचाच पट्टा धारदार येतो, म्हणून वरून काढताना कॅमेरा पाठीला समांतर धरावा, नाहीतर डोकं स्पष्ट आणि पोट धूसर होतं. छिद्र एफ/१६ च्याही पुढे लहान करून जाडी वाढवण्याचा मोह टाळलेला बरा: इतक्या जवळून ते दुप्पट लहान झाल्यासारखं वागतं, आणि बारीक केस व शिरा मऊ पडतात. फ्लॅशपुढे पांढरा कागद किंवा पातळ कापड धरलं की ठिपका पसरतो आणि घरमाशीची राखाडी भुकटी परत दिसायला लागते. हिरव्या माशीचा फोटो अर्धा स्टॉप कमी उजेडात घ्यावा. जळालेल्या भागात रंग उरत नाही, अंधारातला रंग मात्र नंतर वर आणता येतो. मोबाइल आपणहून धार आणि रंग वाढवतो, त्यामुळे लाल डोळे भडक आणि भुकटी चकचकीत होते. कच्ची फाइल साठवण्याची सोय असेल तर ती वापरावी.

हिरवं, धातूसारखं अंग दिसलं तरी ब्लोफ्लाय म्हणण्याआधी पायांकडे एकदा पाहावं. पानांवर बसणारी लंबपाद माशी, डोलिकोपोडिडी कुळातली, अशीच हिरवीगार असते, पण सडपातळ, पाच मिलिमीटरच्या आसपास आणि उंच पायांवर उभी. ब्लोफ्लायसारखी दणकट, राठ केसांची नसते.

आणि काही प्रश्न फोटोने सुटत नाहीत. ब्लोफ्लायमधल्या लुसिलियाच्या हिरव्या जाती एकमेकींपासून वेगळ्या करायला सूक्ष्मदर्शकाखाली केस मोजावे लागतात. वाळूमाशीची जात ठरवायला मादीच्या पोटातली शुक्रपिशवी आणि नराचे टोकाचे भाग स्लाइडवर पाहावे लागतात. तिथे फोटोखाली ‘लुसिलियाची एखादी जात’ किंवा ‘वाळूमाशी, जात अनिश्चित’ असं लिहून थांबावं.